एका ओळीपाशी थांबून

समोर मोठं कोष्टक आणू नका, त्यातली फक्त एक ओळ आणा. घरपोच जेवण देणाऱ्या एखाद्या भारतीय ॲपची ती आहे असं समजा. शनिवार उलटून रविवार लागलाय, रात्रीचे 1 वाजून 10 मिनिटं झालीत. कुणीतरी बिर्याणी मागवली आहे आणि ती किती मिनिटांत पोचेल हे मॉडेलला सांगायचंय. ओळीत अंतर, पाऊस, वार असे बरेच रकाने आहेत. ते बाजूला ठेवा आणि एकाच रकान्यावर नजर स्थिर करा: ‘या हॉटेलला आज आतापर्यंत आलेल्या ऑर्डरी’.

हा आकडा आला कुठून?

तो दोन ठिकाणांहून येतो, आणि इथे जरा रेंगाळायला हवं. मॉडेल शिकत होतं तेव्हा तो वेअरहाउसमधून आला. कुणीतरी एसक्यूएल लिहिली, मागच्या काही महिन्यांच्या ऑर्डरी तारखेप्रमाणे गटात टाकल्या आणि प्रत्येक ऑर्डरीपर्यंतची मोजणी काढली. मॉडेल कामाला लागल्यावर मात्र तोच आकडा रेडिसमधल्या एका काउंटरमधून येऊ लागला. ऑर्डर आली की काउंटर एकाने वाढतो, मध्यरात्री शून्यावर येतो. लिहिणारी माणसं वेगळी, भाषा वेगळी, टीमही वेगळी. रकान्याचं नाव तेवढं एक.

आता ‘आज’ म्हणजे काय, हे दोघांनाही विचारा. काउंटरचा आज भारतीय मध्यरात्री सुरू होतो. वेअरहाउसमध्ये वेळा यूटीसीत साठवलेल्या असतात आणि तारीखही तिथलीच कापली जाते, त्यामुळे त्याचा आज आपल्याकडे पहाटे 5:30 ला सुरू होतो. आपल्या ओळीत आकडे भरून पाहू. हॉटेलला शनिवारी पहाटे 5:30 पासून मध्यरात्रीपर्यंत 140 ऑर्डरी आल्या आणि मध्यरात्रीनंतर आणखी 6. वेअरहाउस म्हणतं 146, काउंटर म्हणतो 6. दोघंही आपापल्या व्याख्येशी प्रामाणिक आहेत.

मॉडेलच्या बाजूने विचार करा. रात्री एकच्या सुमाराला चालू हॉटेलचा हा आकडा नेहमी शंभराच्या पुढे असतो, असंच ते शिकलं. आकडा लहान म्हणजे स्वयंपाकघर निवांत, हेही त्याने दिवसाच्या ओळींवरून शिकून घेतलं. आता त्याच्या हातात 6 आला. ते निवांत स्वयंपाकघर समजून कमी मिनिटं सांगतं, आणि बिर्याणीची वाट पाहणारा माणूस उपाशी बसतो. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये लाल ओळ नाही, सर्व्हर सुरळीत चाललाय.

चाचणीत हे का दिसलं नाही? कारण चाचणीचा डेटासुद्धा त्याच एसक्यूएलमधून आला होता. प्रशिक्षणाच्या ओळी आणि चाचणीच्या ओळी एकाच चुकीच्या व्याख्येवर एकमत होत्या, म्हणून अचूकता उत्तम निघाली. ट्रेनिंग-सर्व्हिंग स्क्यू म्हणतात तो हाच. मॉडेल बिघडलेलं नसतं; ते ज्या जगात शिकलं आणि ज्या जगात त्याला उभं केलंय, ती दोन जगं वेगळी असतात.

हे उघडकीला आणायचा सर्वांत साधा मार्ग गूगलच्या मार्टिन झिंकेविच यांनी मशीन लर्निंगच्या नियमांच्या आपल्या मार्गदर्शिकेत सांगितला आहे. अंदाज सांगताना मॉडेलला जे आकडे प्रत्यक्ष दिले, तेच लॉगमध्ये उतरवून ठेवायचे आणि पुढच्या प्रशिक्षणाला तेच वापरायचे. सगळ्या ओळींचं जमत नसेल तर थोड्यांचं तरी करा, म्हणजे निदान तुलना करता येईल. आपल्या ओळीसाठी ती तुलना करू या. लॉगमधला आकडा आणि वेअरहाउसने नंतर काढलेला आकडा ऑर्डर क्रमांकावर जोडा, पहिल्यातून दुसरा वजा करा आणि ही वजाबाकी दिवसाच्या तासांप्रमाणे मांडा.

नुसती सरासरी काढलीत तर फारसं काही हाती लागणार नाही, कारण बहुतेक ऑर्डरी दिवसा येतात. तासांप्रमाणे पाहिलंत तर मात्र आकृती बोलते. आपल्या हॉटेलला शनिवारी मध्यरात्र ते पहाटे 5:30 या वेळात 20 ऑर्डरी आल्या होत्या असं धरा. मग शनिवारी दिवसभर काउंटर वेअरहाउसच्या 20 पुढे राहतो. मध्यरात्र झाली की फरक एकदम उणे 140 वर कोसळतो, पहाटेपर्यंत तिथेच राहतो, आणि 5:30 ला पुन्हा उसळून वर येतो. फरकाची पायरी बरोबर साडेपाचला दिसली की भारतात काम करणाऱ्याला दुसरा पुरावा लागत नाही.

टाइमझोन दुरुस्त केल्यावरही फरक शून्य होत नाही, आणि मला खरा रस या उरलेल्या फरकात आहे. काही ओळींत नेमका एकचा फरक राहतो: एसक्यूएलमध्ये `<` ऐवजी `<=` लिहिल्यामुळे ऑर्डर स्वतःलाच मोजून घेते. काही ओळींत दोन-तीनचा फरक राहतो, आणि तो रद्द झालेल्या ऑर्डरींचा असतो. रात्री 1:10 ला त्या जिवंत होत्या म्हणून काउंटरने मोजल्या. नंतर त्या रद्द झाल्या, वेअरहाउसमधली स्थिती बदलली आणि एसक्यूएलने त्या गाळल्या. म्हणजे कोष्टकातला भूतकाळ बदलला. शेवटी काय खरं ठरलं हे कोष्टक सांगतं. त्या क्षणी काय ठाऊक होतं हे सांगत नाही. मॉडेलला मात्र फक्त ठाऊक असलेल्यावरच बोलायचं असतं.

या फरकांची किंमत किती असू शकते? टीएफएक्स या आपल्या पाइपलाइनवर गूगलच्या अभियंत्यांनी 2017 मध्ये शोधनिबंध लिहिला, त्यात गूगल प्लेचं उदाहरण आहे. एकाच दिवसाचे सर्व्हिंग लॉग आणि प्रशिक्षणाचा डेटा शेजारी ठेवल्यावर कळलं की काही फीचर प्रशिक्षणात नेहमी असत आणि लॉगमध्ये कधीच नसत. हा फरक मिटवल्यावर मुख्य पानावरून ॲप इन्स्टॉल होण्याचं प्रमाण 2 टक्क्यांनी वाढलं.

इथवर ‘आकडा कुठून आला’ हा प्रश्न होता. आता त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न घ्या: दुरुस्ती केल्यावर नवं मॉडेल जुन्यापेक्षा चांगलं आहे, हे तुम्हाला कशावरून कळलं?

बहुतेकांचा हात आधी सीडकडे जातो. `random_state=42` लिहिलं की मन शांत होतं. (हा 42 डग्लस ॲडम्सच्या कादंबरीतल्या थट्टेतून आला, आज जगभरचे प्रयोग त्या थट्टेवर उभे आहेत.) पण सीड धरून काय ठेवतं, हे हळूहळू पाहा. `train_test_split` ओळींच्या जागा पिसतं, ओळी ओळखत नाही. दुरुस्तीत एक ओळ वाढली, किंवा एसक्यूएलला `ORDER BY` नसल्यामुळे क्रम बदलला, तर सीड तोच असूनही चाचणीच्या संचात वेगळ्याच ऑर्डरी जाऊन बसतात. तुम्ही दोन मॉडेलांची तुलना करताय असं वाटतं, पण त्यांच्या परीक्षेचे पेपर वेगळे असतात.

म्हणून विभागणी ओळीच्या जागेवर न करता तिच्या ओळखीवर करावी:

```python
import hashlib
n = int(hashlib.md5(order_id.encode()).hexdigest(), 16) % 100
part = "test" if n < 20 else "train"
```

ही ऑर्डर आज चाचणीत असेल तर वर्षभराने, दुसऱ्या यंत्रावर, लाख ओळी वाढल्यावरही चाचणीतच राहील. इथे पायथनचं `hash()` वापरायचा मोह आवरा. पायथन 3.3 पासून मजकुराचा `hash()` प्रत्येक वेळी प्रोग्रॅम सुरू होताना बदलतो, आणि `random.seed(42)` चा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. हॉटेलच्या नावाचा `hash()` घेऊन कुणी त्याचं फीचर केलं, तर प्रशिक्षणातलं हॉटेल आणि सर्व्हरवरचं हॉटेल वेगवेगळ्या खणात पडतं. सीड आणि स्क्यू हे दोन वेगळे विषय वाटतात, ते इथे असे एकमेकांना येऊन भिडतात.

सीडची दुसरी मर्यादा जास्त खोल आहे. टाइमझोनची चूक असलेली पाइपलाइन 42 वर शंभर वेळा चालवा, शंभर वेळा तंतोतंत तीच चूक मिळेल. पुनरावृत्ती झाली म्हणजे उत्तर बरोबर ठरलं असं नाही. आणि तुलनेसाठी एकच सीड धरणं तर धोक्याचंच, कारण तो सीड नव्या मॉडेलला नुसता लाभलेला असू शकतो. बिघाड शोधताना सीड एकच ठेवा. निवाडा करताना दोन्ही मॉडेलं पाच-सहा वेगवेगळ्या सीडांवर चालवा, आणि सीडागणिक चूक किती हलते ते आधी बघा. सीड बदलल्यावर चूक अर्ध्या मिनिटाने हलत असेल, तर दुरुस्तीने दिलेल्या पाव मिनिटाच्या सुधारणेवर ईमेल पाठवू नका. परीक्षाही लॉगमध्ये उतरवलेल्या आकड्यांवर घ्या. जुन्या एसक्यूएलच्या आकड्यांवर घेतलीत तर चुकीवर शिकलेलं जुनं मॉडेलच जिंकण्याची शक्यता आहे.

आता तीन महिने पुढे जा. कुणीतरी विचारतं, ते मॉडेल कोणत्या डेटावर शिकलं होतं? तुम्ही एमएलफ्लो उघडता. सीड आहे, अचूकता आहे, गिटचा कमिट क्रमांक आहे, डेल्टा टेबलची आवृत्तीही लिहिलेली आहे. नोंद चोख दिसते. तरी टेबलची ती आवृत्ती उघडत नाही, कारण मधे कुणीतरी जागा मोकळी करायला `VACUUM` चालवलं, आणि ते जुन्या आवृत्त्यांच्या सात दिवसांहून जुन्या फाइली आपसूक पुसून टाकतं. आवृत्तीचा क्रमांक उरला, आवृत्ती गेली. कमिटचंही तसंच. प्रशिक्षण सुरू केलं तेव्हा लॅपटॉपवर कमिट न केलेले बदल होते का, हे तो क्रमांक सांगत नाही.

त्यामुळे मी नोंद किती भरगच्च आहे हे पाहत नाही. ज्या मॉडेलवर आज गिऱ्हाइकं अवलंबून आहेत, त्याचा डेटा प्रशिक्षणाच्या वेळीच वेगळ्या जागी, न पुसता येणाऱ्या रूपात ठेवला आहे का, एवढं पाहतो. एसक्यूएलचा मजकूर, लायब्ररींच्या आवृत्त्या आणि कोड त्याच्याच सोबत हवा. याला साठवणीचा खर्च येतो, आणि प्रत्येक फुटकळ प्रयोगासाठी तो करू नये हेही खरं. जीपीयूवर शेवटच्या दशांशापर्यंत तेच उत्तर मिळावं हा हट्टही सहसा सोडावा. तिथे बेरजांचा क्रम बदलतो, आणि फ्लोटिंग-पॉइंट संख्यांत `(0.1+0.2)+0.3` आणि `0.1+(0.2+0.3)` मुळातच सारखे येत नाहीत.

या आठवड्यात एवढं करा. चालू मॉडेलची तीन महिन्यांपूर्वीची एक नोंद निवडा, ती टीममधल्या दुसऱ्या कुणालातरी त्याच्या यंत्रावर, तुम्हाला एकही प्रश्न न विचारता पुन्हा चालवायला सांगा, आणि तो कुठे अडला ते लिहून घ्या.