अंथरुणाचे अर्थशास्त्र

लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये खात्यात पडू लागले तेव्हापासून महाराष्ट्रात अर्थतज्ज्ञांचे अमाप पीक आले आहे. व्याख्यानमाला असो की वाहिनीवरची चर्चा, त्यांचे भरतवाक्य ठरलेले असते: अंथरूण पाहून पाय पसरावेत. पगार पन्नास हजार आणि खर्च साठ हजार असेल तर घराचे काय होईल, असे ते विचारतात. समोरचे श्रोते, ज्यांतल्या निम्म्यांच्या डोक्यावर गृहकर्ज असते, गंभीरपणे माना डोलावतात आणि सरकार बुडाल्याचा निकाल टाळ्यांच्या गजरात लागतो.

मला त्या योजनेची वकिली करायची नाही. ती निवडणुकीच्या तोंडावर का आली, हे शेंबड्या पोरालाही कळते. पण सरकार म्हणजे मोठे घर, हे गृहीतक तपासायला हवे. कारण केंद्र सरकारपुरते तरी ते साफ चुकीचे आहे.

केंद्र सरकार कर्ज घेते म्हणजे नेमके काय करते? साधारणपणे शुक्रवारी रिझर्व्ह बँक सरकारी रोख्यांचा लिलाव करते. समजा, एका बँकेने शंभर कोटींचे रोखे घेतले. त्या बँकेचे एक खाते रिझर्व्ह बँकेत असते, सरकारचेही असते. पहिल्यातून शंभर कोटी वजा होतात, दुसऱ्यात जमा होतात. पुढच्या आठवड्यात सरकार त्याच पैशातून जवानांचे पगार देते, रस्त्याच्या कंत्राटदाराचे बिल चुकते करते. जवानाचे आणि कंत्राटदाराचे खाते कुठल्या ना कुठल्या बँकेतच असते. म्हणजे बँकांमधून गेलेले शंभर कोटी बँकांकडे परत आले. आता हिशेब मांडा: लोकांच्या ठेवी शंभर कोटींनी वाढल्या, बँकांची रोकड होती तेवढीच राहिली आणि वर शंभर कोटींचे रोखे बँकांच्या तिजोरीत आले. सरकारच्या वहीत जी तूट आहे, तीच दुसऱ्या कुणाच्या वहीत शिल्लक म्हणून लिहिलेली आहे. तुमच्या विम्याचे आणि भविष्यनिर्वाह निधीचे पैसे मोठ्या प्रमाणात अशाच रोख्यांत असतात. सरकारी कर्जाला शिव्या घालणारा निवृत्त गृहस्थ बहुधा त्याच कर्जाच्या व्याजावर जगत असतो.

घराचे असे होत नाही. घराने खर्चलेला पैसा वाण्याकडे जातो, घराच्या उत्पन्नात परत येत नाही. घराला कर वसूल करता येत नाही, स्वतःचे चलन काढता येत नाही आणि कर्त्या माणसाला निवृत्तीआधी कर्ज फेडावे लागते. सरकार निवृत्त होत नाही. जुन्या रोख्यांची मुदत संपली की ते नवे विकून फेडते. अर्थव्यवस्था कर्जापेक्षा वेगाने वाढत असेल तोवर हे शतकभरही चालू शकते.

मग मर्यादा कसलीच नाही का? आहे, पण ती रुपयांची नाही. सरकारने शंभर कोटी जास्त खर्चले, तर तेवढे सिमेंट, तेवढी डाळ, तेवढे गवंडी देशात रिकामे आहेत का, हा खरा प्रश्न आहे. असतील तर कामे होतील. नसतील तर भाव चढतील.

इथे आमच्या अर्थतज्ज्ञांना एक नाव सुचवतो. १९२३ साली डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी थेट केन्सशी वाद घातला आहे. तेव्हाच्या व्यवस्थेत रुपया किती काढायचा हे सरकारच्या मर्जीवर होते आणि केन्सला ती लवचिकता पसंत होती. आंबेडकरांचा आक्षेप असा की, परदेशी चलनाशी रुपयाचा दर टिकला म्हणजे झाले असे नाही. देशातल्या वस्तूंच्या हिशेबात रुपया टिकला पाहिजे. भाव वाढले की झळ मजुरीवर जगणाऱ्याला बसते. म्हणून चलन काढण्याला पक्की मर्यादा हवी. राज्यकर्त्यांच्या शहाणपणावर हा माणूस एक आणासुद्धा उधार द्यायला तयार नव्हता.

पुढे घटनेत केंद्राच्या कर्जाचे कलम आले, आजचे कलम २९२. संसद कायद्याने कर्जाला मर्यादा घालू शकते, असे ते सांगते. संसद हे काम करील अशी अपेक्षा आंबेडकरांनी घटना समितीत बोलून दाखवली होती. प्रत्यक्षात काय झाले? १९५५ मध्ये, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, सरकार आणि रिझर्व्ह बँकेत एक सोय झाली. सरकारची शिल्लक शुक्रवारी पन्नास कोटींखाली गेली की रिझर्व्ह बँकेने आपोआप तात्पुरत्या हुंड्या घेऊन ती भरून काढायची. तात्पुरत्या हुंड्या पुढे वर्षानुवर्षे फिरत राहिल्या, व्याज अवघे ४.६ टक्के. ना लिलाव, ना संसदेचा प्रश्न. ही वाट बंद व्हायला १९९७ साल उजाडले आणि वित्तीय जबाबदारीचा कायदा आला २००३ मध्ये. घर दिवाळखोर होते तसे सरकार त्या काळात झाले नाही. पण भाववाढीच्या रूपाने न सांगितलेला कर मात्र लोकांनी भरला. अंथरुणाच्या दाखल्यात हा धोका दिसतच नाही. तिथे फक्त पैसे संपतात. पैशाची किंमत संपत नाही.

डॉलरची गोष्ट वेगळी. ते आपल्याला छापता येत नाहीत. १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोने परदेशात गहाण टाकले, ते रुपये संपले म्हणून नव्हे, आयातीची बिले भागवायला डॉलर उरले नव्हते म्हणून.

एवढे लिहिल्यावर अर्थतज्ज्ञांना पुरते चीत केले असे म्हणायला हरकत नव्हती. पण ते ज्या योजनेवर बोलत होते ती केंद्राची नाही, राज्याची आहे. आणि राज्याजवळ रिझर्व्ह बँक नाही. कलम २९३ नुसार राज्याला फक्त देशातच कर्ज घेता येते. केंद्राचे देणे बाकी असेल तर केंद्राची संमतीही लागते. राज्यांच्या रोख्यांचा लिलाव मंगळवारी होतो आणि राज्याला सहसा केंद्रापेक्षा चढे व्याज मोजावे लागते. तिजोरीत खडखडाट झाला तर रिझर्व्ह बँक ठरावीक मर्यादेपर्यंत उचल देते. त्यापलीकडे ओव्हरड्राफ्ट, तोही नेहमीच्या नियमाने सलग चौदा कामाचे दिवस. नंतर राज्याची देणी थांबवली जातात. दिल्लीने वाटलेले दीड हजार आणि मंत्रालयाने वाटलेले दीड हजार बहिणीच्या खात्यात सारखेच दिसतात. मागचा हिशेब अगदी निराळा आहे. दिल्लीपुढे महागाईची भिंत आहे. मुंबईपुढे खरोखरच पैसे संपण्याची आहे.

म्हणजे त्यांचा दाखला दिल्लीबाबत खोटा आणि मुंबईबाबत बराचसा खरा. तरीही पूर्ण नाही, कारण राज्य कर लावू शकते. मुद्रांक शुल्क, मद्यावरचे शुल्क, वाहनकर हातात आहेत. शिवाय कर्ज वाईट की चांगले हे रकमेवरून ठरत नाही. कर्जातून धरणाचा कालवा झाला तर पुढे पीक निघते आणि त्यावर व्याज फेडता येते. रोजचा खर्चच कर्जावर चालला, तर उद्याच्या अर्थसंकल्पात फक्त व्याज उरते. या दुसऱ्या प्रकाराला महसुली तूट म्हणतात आणि चर्चा व्हायला हवी ती तिचीच. मार्च २०२५ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राची अंदाजित महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये होती. त्याच अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेची तरतूद होती ३६,००० कोटी. योजना अख्खी बंद केली असती, तरी ही तूट भरून निघाली नसती.