आवाहन, आसन, पाद्य

दत्तजयंतीच्या संध्याकाळी आपण षोडशोपचारे पूजा करतो, तिचे पहिले उपचार आठवून पाहा. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमनीय. स्नान, वस्त्र, गंध, फुलं ही सगळी त्यानंतर. आता संस्कृत बाजूला ठेवून बघा. आवाहन म्हणजे ‘या’. आसन म्हणजे ‘बसा’. पाद्य म्हणजे पायांवर पाणी, अर्घ्य हातांना, आचमनीय तोंडाला. दारी आलेल्या पाहुण्याचं आपली आजी जे करायची, तेच आपण देवाचं करतो.

श्रीगुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायात त्रैमूर्ती भर दुपारी भिक्षुकाच्या वेषात अनसूयामातेच्या दारी आले. अत्रिऋषी अनुष्ठानाला गेलेले. मातेनं आधी नमस्कार करून बसायला दिलं, अर्घ्यपाद्य दिलं. ती अवघड अट देवांनी घातली ती त्यानंतर. आपण कथा सांगताना एकदम अटीवर येतो, पण माझं मन त्या आधीच्या पाण्यापाशी थांबतं. कोण, कुठले, किती दिवस राहणार, यातलं काही विचारण्याआधी पाणी आलं होतं.

कठोपनिषदात याची उलट बाजू आहे. नचिकेता यमाच्या दारी आला तेव्हा यम घरी नव्हता. पोर तीन रात्री उपाशी राहिलं. यम परत आल्यावर त्याला पहिलं काय सांगितलं गेलं? पाणी आण. आणि प्रत्यक्ष मृत्युदेवानं त्या तीन रात्रींचे तीन वर देऊन भरपाई केली. बाकी कुणाला न घाबरणारा, तो पाहुण्याला घाबरला म्हणा ना!

आता आपल्या घराकडे येऊ. समजा, गावाकडची सत्तरीची मावशी दुपारी दोनच्या एसटीनं उतरून दाराशी आली आहे. घंटा वाजली की जागेवरून ‘कोण आहे?’ असं ओरडू नये, उठून दाराशी जावं. ‘या मावशी, या’ हे उंबऱ्याच्या आत पाऊल पडण्याआधी यायला हवं. हातातली पिशवी आपण घ्यावी आणि तिला दिसेल अशा जागी ठेवावी. आत कुठं ठेवली तर तिचा जीव तिच्यात अडकून राहतो.

पूर्वी अंगणात घंगाळ आणि तांब्या असायचा. आता फ्लॅटात ‘हातपाय धुऊन घ्या’ म्हणून न्हाणीकडे पाठवतो. हरकत नाही, पण आधी आपण जाऊन फरशी कोरडी करावी, दिवा लावावा, कोरडा पंचा हाताशी ठेवावा. ओल्या फरशीवर म्हातारं माणूस घसरलं, तर पाद्य कसलं!

मग बसणं. पाटाचा मान मोठा खरा, पण गुडघे धरलेल्या माणसाला पाटावर बसवणं म्हणजे शिक्षाच. मऊ खोल सोफाही तसाच, त्यातून उठताना दोघांनी हात द्यावा लागतो. हाताची कडक खुर्ची द्यावी, उन्हाच्या तिरिपेत नको, पंख्याच्या थेट झोतातही नको. आणि आपणही समोर बसावं. पाहुणं खुर्चीच्या कडेवर टेकून बसलं असेल तर ओळखा की त्याला अजून ‘बसा’ पोचलेलं नाही.

पाण्याचं एकच सांगतो. ‘पाणी हवं का?’ असं विचारायचं नसतं, आणायचं असतं. विचारलं की आपली माणसं संकोचानं ‘नको, नको’ म्हणतात आणि तहानलेली बसतात. तांब्या-भांडं ठेवलं तर ज्याला जितकं हवं तितकं तो ओतून घेतो. भांडं बोटभर कमी भरलेलं, कडेला बोटं न लावता धरलेलं. उन्हातून आलेल्याला फ्रीजचं नको, माठाचं द्यावं. सोबत सुपारीएवढा गुळाचा खडा, पण वेगळ्या वाटीत. ज्याला साखरेचं दुखणं आहे तो काही न बोलता वाटी तशीच ठेवील. आपणही ‘घ्या हो, थोड्यानं काय होतं’ असा आग्रह करू नये. पाणी नुसतं टाकून निघून जाऊ नका, दोन घोट पोटात जाईपर्यंत तिथंच असावं.

राहिले शब्द. ‘काय काम काढलंत?’ हा प्रश्न पाणी पिऊन होण्याआधी विचारला, तर तो ‘केव्हा जाणार?’ असा ऐकू येतो. ‘किती वाळलात!’ हेही नको. ‘बऱ्याच दिवसांनी आठवण झाली’ यात तर सरळ टोमणा आहे. ‘जेवणार का?’ याला होकार देणं कुणालाही जड जातं. ‘पानं घेतेच आहे, हात धुतलेतच’ असं म्हणावं. मावशीला विचारायचंच असेल तर ‘गाडीत बसायला जागा मिळाली ना?’ एवढं विचारावं. त्या एका प्रश्नावर ती अख्खा प्रवास सांगेल, कंडक्टरपासून शेजारच्या बाईच्या सुनेपर्यंत. आणि तिचं काम काय होतं, ते भांडं रिकामं झालं की तिचं तीच सांगेल.