माथ्यावरचा शब्द

चालीत सर्वांत उंच स्वर एकच असतो. तो कुठल्या शब्दावर पडावा, हे ठरवणे म्हणजे गाण्याचे मर्म कुठे आहे ते ठरवणे. ध्रुवपद, ज्याला आज आपण सर्रास कोरस म्हणतो, ते गाण्यात तीन-चार वेळा येते. त्यामुळे तिथला उंच स्वर चुकीच्या शब्दावर बसला, तर ती चूकही तीन-चार वेळा ऐकू येते. गीत उत्तम, गळा उत्तम, वाद्यमेळ भरगच्च, तरीही गाणे कुठेच भिडत नाही, याचे कारण पुष्कळदा इतकेच असते.

आपल्या राष्ट्रगीताची चाल मनात गुणगुणून पाहा. सुमारे ५२ सेकंदांच्या त्या गायनात बराच वेळ सूर मध्य सप्तकातच फिरतात. प्रांतांची, पर्वतांची, नद्यांची नावे येतात, पण तार षड्ज राखून ठेवलेला असतो. तो लागतो शेवटच्या जयघोषाला, आणि तोही तीनदा येणाऱ्या जयघोषातल्या पहिल्याला. दुसरा थोडा खाली येतो, तिसरा आणखी खाली. मग शेवटचे चरण खालच्या षड्जापासून पुन्हा चढू लागते, पण त्या उंचीला परत जात नाही. चढ सावकाश, माथा एकच, आणि माथ्यानंतर उतरायला पुरेशी जागा, अशी ही बांधणी आहे. शाळेतले मूलही जयघोषाला आपोआप छाती भरून गाते. ते त्याला कोणी शिकवलेले नसते. चालच त्याच्याकडून ते करून घेते.

असे का होते, हे गळ्यात शोधावे. स्वर चढतो तसा स्वरतंतूंवरचा ताण वाढतो आणि श्वासही जास्त दाबाने सोडावा लागतो. बोलतानाही माणूस कळवळला, चिडला किंवा आनंदाने ओरडला, की त्याचा आवाज वर जातो. ऐकणाऱ्याला स्वरांची नावे माहीत नसली तरी गळ्यावरचा ताण बरोबर कळतो, आणि तो ज्या शब्दावर कळतो तोच शब्द महत्त्वाचा, असे त्याचे मन धरून चालते. म्हणून उंच स्वर एखाद्या किरकोळ शब्दावर खर्ची पडला की अर्थ एकीकडे आणि कळवळा दुसरीकडे, अशी फारकत होते.

आता एक ध्रुवपद बांधून पाहू. गाणे आईचे आहे. मुलगा दूर शहरात आहे, घरी येणे लांबत चालले आहे. शब्द या लेखापुरते रचले आहेत:

येशिल तेव्हा सांगु नको रे
दारच माझे उघडे आहे
रोजच ताटे दोन मांडते
एवढेच तू विसरु नको रे

प्रत्येक ओळ सोळा मात्रांची, म्हणजे केरव्याची दोन आवर्तने. चार ओळींची मिळून आठ आवर्तने झाली. आता चालीला हात घालण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: या चार ओळींतला कोणता शब्द काढला तर गाणे कोसळेल? ‘येशिल’ नव्हे, वाट पाहणे शंभर गाण्यांत असते. ‘उघडे’ही नव्हे, उघडे दार आपल्या ओळखीचे आहे. मर्म आहे ‘दोन’मध्ये. घरात एकटी राहणारी बाई रोज दोन ताटे मांडते, हे कळताच आधीच्या दोन्ही ओळींचा अर्थ पालटतो. तेव्हा माथा ‘दोन’वर हवा. शब्दांची रचनाही साथ देते आहे, कारण तिसऱ्या ओळीच्या दुसऱ्या आवर्तनाची सम नेमकी ‘दो’वर पडते.

पण पहिल्यांदा सुचणारी चाल बहुधा असे करत नाही. सगळे स्वर शुद्ध धरले तर पहिली ओळ पंचमावरून उठते आणि ‘तेव्हा’ला तार षड्ज गाठते, कारण सुरुवात जोरदार व्हावी असे वाटते. दुसऱ्या ओळीत ‘उघडे’ला पुन्हा तार षड्ज, तिसरीत ‘ताटे’ला पुन्हा तोच, आणि चौथी पंचमावरून खाली. म्हणताना चाल गोडच लागते. पण प्रत्येक ओळीचा सर्वांत उंच स्वर कागदावर लिहून काढला की दोष उघडा पडतो: सां, सां, सां, प. तीनदा गाठलेली उंची ही उंची राहत नाही, ती सपाटी होते. ‘दोन’ येईपर्यंत कानाला तार षड्जाची सवय झालेली असते. शिवाय ‘दोन’वर प्रत्यक्षात निषाद पडला आहे, म्हणजे नेमक्या जागी चाल उतरू लागली आहे.

दुरुस्ती तिसऱ्या ओळीपासून करायची आणि मागे यायचे. आधी माथा ठरवू. तार षड्ज ठेवावा की तार रिषभ? षड्ज हा घरचा स्वर; तिथे पोहोचल्यावर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. या आईचा प्रश्न सुटलेला नाही. तार रिषभावर कान टिकत नाही, त्याला खाली षड्जाकडे ओढ असते. म्हणून ‘दो’वर रिषभ लावायचा, दोन मात्रांपैकी पहिल्या मात्रेला तो धरायचा आणि दुसरीला षड्जावर सोडायचा. ‘न’ला निषाद येतो आणि ‘मांडते’ला धैवत, पंचम, पंचम. ओळ अशी होते:

रो(प) ज(प) च(ध) ता(ध) टे(प) | दो(रें सां) न(नि) मां(ध) ड(प) ते(प)

‘टे’ पंचमावर आहे आणि ‘दो’ तार रिषभावर, म्हणजे मधले तीन स्वर ओलांडून झेप घेतली आहे. प, ध, नि, सां अशा पायऱ्यांनीही चढता आले असते. पण पायऱ्या चढताना पुढे काय येणार ते आधीच कळते. इथे बाई साध्या घरकामाची गोष्ट सांगता सांगता एकदम मनातले बोलून जाते, म्हणून झेपच योग्य. गाणे प्रार्थनेचे किंवा निर्धाराचे असते तर पायऱ्या शोभल्या असत्या. झेप घेतल्यावर मात्र उतरायचे ते पायरीपायरीनेच. वर जाऊन लगेच खाली उडी मारली, तर तो स्वर कसरतीसारखा वाटतो.

आता मागच्या दोन ओळी. त्यांनी या झेपेसाठी जागा मोकळी ठेवायची. पहिली ओळ षड्ज ते पंचम या टप्प्यात राहील: ये(ग) शि(ग) ल(रे) ते(ग) व्हा(प) | सां(म) गु(ग) न(रे) को(ग) रे(सा). दुसरी एक स्वर पुढे जाईल, ‘झे’ला धैवत घेऊन परत गंधारावर येईल. चौथी पंचमावरून निघून षड्जावर विसावेल. ओळींचे माथे आता असे झाले: प, ध, रें, प. पहिला आणि दुसरा यांत थोडा चढ, तिसऱ्यात झेप, मग उतार. आठ आवर्तनांपैकी पाच सरल्यावर सहाव्याच्या समेला माथा येतो. त्याच्याआधी उत्कंठा वाढायला वेळ मिळतो आणि नंतर दोन-अडीच आवर्तने ते ऐकलेले मनात मुरायला मिळतात. अगदी शेवटच्या अक्षरावर माथा ठेवला तर हे मुरणे हरवते. मग लगेच वाद्यांचा तुकडा सुरू होतो आणि शब्द त्यात विरून जातो.

उंच स्वराखाली कोणते अक्षर येते, तेही तपासून घ्यावे. आ, ओ, ए यांना तोंड मोकळे उघडते आणि स्वर भरून लागतो. ऱ्हस्व इ, उ किंवा जोडाक्षर असेल तर गळा आवळतो आणि शब्दही नीट कळत नाही. ‘दो’मधला ओकार आपल्या पथ्यावर पडला. मर्माच्या शब्दात असा स्वर नसेल, तर गीतकाराला शब्द बदलायला सांगावे. पण मर्म सोडून शेजारच्या सोयीच्या शब्दावर माथा हलवू नये.

मराठी संगीतकाराला इथे एक जुनी सवय आड येते. बंदिशीत स्थायी मध्य सप्तकात आणि अंतरा तार षड्जाकडे, ही आपल्या कानांची घडण आहे. भावगीतानेही मुखडा आणि अंतरा यांत पुष्कळदा हीच विभागणी जपली आणि तिथे ती सुंदर आहे, कारण तिथे अंतऱ्याने उंची गाठून मुखड्याकडे परतायचे असते. पण ज्या गाण्याचे सारे वजन ध्रुवपदावर आहे, त्यात अंतऱ्याने तार गंधार घेतला तर पाठोपाठ येणारा ध्रुवपदातला रिषभ फिका पडतो. अशा गाण्यात अंतरा मंद्र पंचम ते मध्य पंचम यांतच बांधावा आणि ध्रुवपदाकडे नेणाऱ्या शेवटच्या ओळीत फार तर धैवत घ्यावा. दोन्ही घाट चांगले आहेत. एकाच गाण्यात दोन्ही चालवले की दोन्ही दुबळे होतात.

पट्टी ठरवायची तीही माथ्यावरूनच. गायिकेचा आवाज ज्या स्वरापर्यंत छातीतून, भरीव लागतो तो स्वर पेटीवर शोधायचा आणि आपला तार रिषभ तिथे किंवा अर्धा स्वर खाली आणायचा. तो जर काळी पाचवर आला, तर गाण्याची पट्टी काळी चार. पट्टी याहून उंच घेतली की आवाज पातळ आणि खोटा होतो. फार खाली घेतली की ‘दोन’ आरामात लागतो आणि त्यातली कळ जाते, शिवाय अंतऱ्यातला मंद्र पंचमही बसतो.

भावनेचे शिखर दर वेळी शेवटाकडे किंवा उंच स्वरावरच असते, असा मात्र नियम नाही. हॅरोल्ड आर्लेनने १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटासाठी केलेल्या ‘ओव्हर द रेनबो’ या गाण्यात पहिल्याच शब्दाच्या दोन अक्षरांत पूर्ण सप्तकाची झेप आहे. तिथे ओढ हाच गाण्याचा विषय आहे, म्हणून ती आरंभालाच शोभते. काही गाण्यांचे मर्म खर्जातही असते. पण तिथेही आधी मर्माचा शब्द सापडलेला असतो आणि मग त्याचा स्वर.

तुमची पुढची चाल झाली की शब्द बाजूला ठेवा, ध्रुवपद नुसत्या आकारात गा आणि प्रत्येक ओळीचा माथा कागदाच्या कडेला लिहा. सर्वांत उंच स्वर एकदाच आला आहे का, आणि तो तुमच्या मर्माच्या शब्दावर आहे का, एवढे दोन प्रश्न विचारा. यातल्या एकाचे जरी उत्तर नकारार्थी आले, तर स्टुडिओची तारीख ठरवण्याआधी चाल बदला.