आईचे नाव काढताना

नोकरी लागल्यावर घेतलेल्या पहिल्या विमा पॉलिसीवर अविवाहित मुलगा बहुधा आईचेच नाव नॉमिनी म्हणून देतो. पुढे लग्न होते, पण त्यामुळे ते नाव आपोआप बदलत नाही. पॉलिसीधारकाला लेखी अर्ज द्यावा लागतो. त्या अर्जावर आईची सही लागत नाही आणि तिला कळवण्याचे बंधनही नाही. कायद्याने सोडलेली ही जागा मुलाच्या सद्सद्विवेकाची आहे, असे मी मानतो.

पूर्वी नॉमिनी म्हणजे केवळ पैसे स्वीकारणारा. सरबती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये तसेच सांगितले होते. नॉमिनी पत्नी होती, तरी रकमेवर मृत पॉलिसीधारकाच्या आईचा आणि मुलाचाही वारसाहक्क धरला गेला. 2015 च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या कलम 39 नुसार आई-वडील, पती-पत्नी वा मुले नॉमिनी असतील, तर त्यांना लाभार्थी मानले जाते. म्हणून कोणाचे नाव लिहायचे, हा आता पूर्वीपेक्षा जड निर्णय आहे.

समजा, दहा लाखांची पॉलिसी आहे. वडील नाहीत, आईला पेन्शन नाही, पत्नीला पगार आहे. अशा घरात आईचे नाव पुसून पत्नीचे एकटीचे लिहिणे मला अन्यायाचे वाटते. एकापेक्षा जास्त नॉमिनी देता येतात आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहिता येतो. आईला साठ, पत्नीला चाळीस असे ठरवता येईल. पत्नी नोकरी सोडून बाळ सांभाळत असेल आणि आईला स्वतःची पेन्शन असेल, तर हिशेब उलटा होईल. आकडा काहीही असो, तो दोघींसमोर बोलून ठरवावा. दावा करण्याच्या दिवशी, दुःखात, आईला पहिल्यांदा कळू नये.

कागदपत्रे साधारण अशी मागतात: नॉमिनी बदलाचा सही केलेला अर्ज, मूळ पॉलिसी बॉण्ड, तुमचे आणि नव्या नॉमिनीचे ओळखपत्र, नाते दाखवायला विवाह नोंदणी दाखला, शिवाय नॉमिनीचा बँक तपशील. काही कंपन्या यातले थोडेच मागतात, म्हणून आधी शाखेत विचारून घ्यावे.

नेहमीची अडचण नावाची. अर्जात सासरचे आडनाव आणि आधारवर माहेरचे, असे झाले की अर्ज परत येऊ शकतो, आणि तसाच स्वीकारला गेला तर पुढे दाव्याच्या वेळी चौकशी लागते. आधारवर आहे तेच नाव लिहावे. पत्नीने आडनाव बदललेच नसेल, तर अर्जासाठी बदलायला लावू नये.

अर्ज दिला की पोच घ्यावी. बदलाची नोंद बॉण्डवर शेऱ्याने होते, किंवा कंपनी तसे पत्र देते. ते हातात आल्यावर नावाचे अक्षर, नाते आणि टक्केवारी वाचून पाहावी. बदल कंपनीला लेखी कळला नसेल, तर कंपनी प्रामाणिकपणे जुन्याच नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होऊ शकते. मग घरात काय ठरले होते, हे तिच्यावर बंधनकारक राहत नाही.