१८.५ची पट्टी कुणाला लावता?

पेपर तपासून झाले. शाबासकीची अपेक्षा कुणी ठेवू नये. प्रश्न सरळ होता: धडगाव तालुक्यातल्या पाड्यावरची मुलगी, वय २८ महिने, वजन ९ किलो, उंची ८० सेंटिमीटर. पोषणस्थिती सांगा. निम्म्या वर्गाने उंचीच्या वर्गाने, म्हणजे ०.६४ने, ९ला भागलं, बीएमआय १४ काढला आणि खाली ठोकून दिलं: '१८.५पेक्षा कमी, म्हणून तीव्र कुपोषित, पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावी.' भागाकार बरोबर, बाकी सगळा आनंद!

अहो, १८.५ ही मोठ्या माणसांची रेघ आहे. या वयाच्या चांगल्या पोसलेल्या मुलीचा बीएमआयसुद्धा साडेपंधराच्या आसपास असतो. तुमच्या हिशेबाने नंदुरबारच काय, मुंबईच्या टॉवरमधलंही एक लेकरू धड ठरायचं नाही. लहान मुलांचा बीएमआय वय आणि लिंगानुसारच्या तक्त्यावरच वाचतात. आणि पाच वर्षांखाली लुकडेपणा ठरवायला आपण उंचीच्या मानाने वजन बघतो. डब्ल्यूएचओचे २००६चे तक्ते तुमच्या पुस्तकाच्या शेवटी आहेत. ती पानं अजून कोरी करकरीत दिसताहेत.

उघडा आता, मुलींचा तक्ता. ८० सेंटिमीटरला उणे दोन एसडीची रेघ साडेआठ किलोच्या आसपास आहे. मुलगी ९ किलोची, रेघेच्या वर. म्हणजे लुकडी नाही. पण २८ महिन्यांना उंचीची उणे दोनची रेघ ८२ सेंटिमीटरजवळ आहे, म्हणून ती खुजी. वयाच्या मानाने वजनही कमी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची निघाली. त्यात अशी खुजी मुलंही धरलेली असतात. सगळ्यांना भरती करत सुटलात, तर ज्याचा जीव खरोखर धोक्यात आहे त्याला खाट कुठून देणार? आईची मजुरी बुडेल ती वेगळीच.

मोजमापाबद्दल तर बोलायलाच नको. एकाने या मुलीला आडवी झोपवून मोजली! दोन वर्षांनंतर उभं करून मोजतात. झोपवावंच लागलं तर ०.७ सेंटिमीटर वजा करतात. टाचा उचलल्यात की टेकल्यात, हे न बघता ८०च्या जागी ८५ लिहिलंत, तर हीच मुलगी लुकडी ठरेल. पाड्यावर जन्मतारीख कधी कधी अंदाजेच मिळते. मग उंची-वय आणि वजन-वय दोन्ही डळमळतात. उंचीच्या मानाने वजनाला ती अडचण येत नाही.

आणि दंडाची पट्टी, पायांची सूज? एकाही पेपरात नाही. दंडघेर ११.५ सेंटिमीटरखाली असेल किंवा दोन्ही पावलांवर अंगठा दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर तक्ता काहीही म्हणो, मूल तीव्र कुपोषितच. सुजेचं पाणी काट्यावर वजन म्हणून दिसतं, म्हणून सूज आधी बघायची. उद्या उत्तर पुन्हा लिहून आणा. पहिल्या ओळीत सूज नसेल, तर मी दुसरी ओळ वाचणार नाही.