आधी तोंड धुऊन ये

घरात कुणी रडून रडून हैराण झालं किंवा रागानं थरथरू लागलं, की आपल्याकडची जुनी माणसं आधी म्हणतात, "जा बाप्पा, तोंड धुऊन ये." समजूत, विचारपूस सगळं नंतर. हा क्रम अगदी बरोबर आहे. छाती धडधडत असताना शहाणपणाचा शब्दही कानापलीकडे जात नाही. आधी शरीर निवावं लागतं. असह्य भावनांनी ग्रासलेल्यांसाठी उपचारपद्धती बांधणाऱ्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनीही अशा क्षणासाठी गार पाण्यात चेहरा बुडवायला सांगितलं आहे. तरुणपणी आपण स्वतः मानसिक आजारानं इस्पितळात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये उघडपणे सांगितलं. त्यामुळे त्यांचा शब्द मला जास्त विश्वासाचा वाटतो.

मात्र नुसते हबके मारून भागत नाही. पसरट पातेल्यात किंवा घमेल्यात गार पाणी घ्या आणि खुर्चीवर बसा. श्वास रोखा, डोळे मिटा, वाकून कपाळापासून गालांपर्यंतचा भाग पाण्यात बुडवा. १५ ते ३० सेकंद, जमेल तेवढंच. मग तोंड वर काढून सावकाश श्वास घ्या आणि हेच आणखी एक-दोनदा करा. डोळ्यांभोवतीच्या आणि कपाळाच्या नसांना गारवा कळतो, श्वास थांबलेला असतो, तेव्हा मेंदू हृदयाला वेग कमी करायचा निरोप धाडतो. पाण्यात बुडी मारणाऱ्या सीलसारख्या प्राण्यांत हीच सोय फार पक्की असते. आपल्यातही ती जन्मजात आहे. अंगावर एकदम गार पाण्याची बादली ओतली, तर मात्र उलटं होतं. दम लागतो, धडधड वाढते. म्हणून पाणी फक्त चेहऱ्याला.

आपल्या बुलडाण्यात थंडीच्या दिवसांत नळाचं पाणीच पुरेसं गार असतं. पण एप्रिल-मेमध्ये मलकापूर-खामगावकडे टाकीतून कढत पाणी येतं, त्याचा उपयोग नाही. तेव्हा माठातलं पाणी घ्यावं, त्यात बर्फाचे चार खडे टाकावेत. मनगटाच्या आतल्या बाजूला झोंबेल पण दुखणार नाही, इतकं गार हवं. समजा, सोयाबीनचे पैसे अडकलेत आणि सकाळीच कर्जाच्या हप्त्याचा फोन आला. हातपाय गळाले, डोकं सुन्न झालं. मनगटावर नाडी धरून १५ सेकंद मोजली, तर २८ ठोके, म्हणजे मिनिटाला ११२. दोन-तीनदा चेहरा बुडवून पुन्हा मोजली आणि ती २३-२४ वर आली, तर काम झालं. कर्ज तेवढंच आहे, पण आता फोनवर नीट बोलता येईल. एसटी स्टँडवर पातेलं कुठून आणणार? तिथे बर्फाचा खडा ओल्या रुमालात गुंडाळून, श्वास रोखून डोळ्यांवर आणि गालांवर धरला तरी चालतो.

हा उतार काही मिनिटंच टिकतो. तेवढ्यात पुढचं पाऊल टाकायचं. अंगात अजून राग खदखदत असेल, तर बांधावरून किंवा गल्लीतून झपाझप चाला, दम लागेल इतकं, १०-१५ मिनिटं. भर उन्हात नको, तेव्हा घरातच जिना चढा-उतरा. मग बसून चार आकडे मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर. हृदयाचा आजार असेल, नाडी आधीच मंद असेल, रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी नाडी मंद करणारी गोळी चालू असेल, किंवा जेवण सुटून वजन फार उतरलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्याचा प्रयोग करू नका. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम येत असेल, तर ती घाबरगुंडी समजून घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा. धडधड थांबली तरी जगणंच नको वाटत असेल, तर एकट्यानं राहू नका. घरच्या कुणाला हाक मारा आणि १४४१६ या टेली-मानसच्या नंबरावर फोन लावा. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही उचलतात आणि मराठीत बोलतात.