व्हिडिओखालच्या चार ओळी

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि पाठोपाठ मदतीची आवाहनं मोबाइलवर फिरू लागली. अशा आवाहनात चित्र मन हलवतं. पैसे कुणाच्या हाती जाणार, हे मात्र त्याखालच्या मजकुरातूनच कळतं आणि तो मजकूर आपण क्वचितच उघडतो.

समजा, पुरात भिजलेल्या गावच्या वाचनालयासाठी एखादी संस्था व्हिडिओ करते. ‘वाचनालय वाचवू या, सढळ हाताने मदत करा’ एवढंच खाली लिहिलं, तर त्यात पडताळण्याजोगं काहीच नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘गरज 2,40,000 रुपये. लोखंडी कपाटांना 1,50,000, पुस्तकांना 90,000. जास्त जमले तर बालविभागासाठी. शेवटची तारीख 30 सप्टेंबर.’ यूट्यूबवर मजकूर उघडण्याआधी सुरुवातीच्या ओळीच दिसतात, म्हणून गरज आणि रक्कम तिथेच हवी. आभार खाली चालतील.

मग पडताळणी. संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव आणि सार्वजनिक न्यासाचा नोंदणी क्रमांक दिला, की धर्मादाय आयुक्तांच्या charity.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर तो शोधता येतो. पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, तेही तेच हवं. तिथे कुणा एका माणसाचं नाव दिसलं, तर थांबावं. यूपीआय पत्ताही अक्षरन् अक्षर वाचावा: मार्च 2020 मध्ये पीएम केअर्स निधीच्या pmcares@sbi या खऱ्या पत्त्याशेजारी pmcare@sbi असा बनावट पत्ता फिरत होता. फरक फक्त एका s चा!

नोंदणी सापडली म्हणजे संस्था कागदोपत्री आहे, इतकंच सिद्ध होतं. कपाटं आली का, ते नोंदणी सांगत नाही. त्यासाठी मोहीम संपल्यावर त्याच मजकुरात जमा रक्कम, खर्च आणि बिलं कुठे पाहता येतील ते लिहावं. यूट्यूबवर मजकूर नंतरही बदलता येतो; हे न करायला सबब नाही.

खरी गोम पुढेच आहे. व्हिडिओ उतरवून कुणी व्हॉट्सॲपवर टाकला, की खालचा मजकूर मागेच राहतो. तारीख नसलेलं पुराचं दृश्य पुढच्या पावसाळ्यातही ताजंच वाटतं, आणि त्यावर दुसऱ्याच कुणाचा क्यूआर कोड चिकटवायला वेळ लागत नाही. म्हणून संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि शेवटची तारीख चित्रातच, शेवटपर्यंत दिसेल अशी कोपऱ्यात ठेवावी. तो कोपराही कुणी कापू शकतो, तेव्हा क्रमांक आपण स्वतः तपासणं सुटत नाही.

आज असा व्हिडिओ तुमच्याकडे आला, तर पुढे पाठवण्याआधी मूळ दुवा मागा. दुवा मिळाला नाही, तर व्हिडिओ पुढे पाठवू नका आणि पैसेही देऊ नका.